डिपॉझिट, नोटीस आणि गळकी कौलं: स्लाइडवर काय लिहावं, कुठे थांबावं

*वकीलकाका, मी रत्नागिरीत एका लॅबमध्ये काम करते. आम्ही भाड्याने राहणाऱ्या पाचसहा जणी मिळून इथे नव्याने नोकरीला येणाऱ्यांसाठी भाडेकराराचा एक कॅरोसेल, म्हणजे सरकवत वाचायच्या स्लाइड्स, करतोय. मसुद्यात तीन गोष्टी आहेत: डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, नोटीस एक महिन्याची असते, आणि मालकाने दुरुस्ती केली नाही तर आपण करून भाड्यातून कापायची. हे बरोबर आहे का? माझ्या मैत्रिणीने भाट्याजवळचं कौलारू घर गळतीमुळे २० जुलैला सोडलं. तिचे ३०,००० अडकलेत. मालक रंगाचे ९,००० आणि नोटिशीचं भाडं कापणार म्हणतो. तिच्या विचारण्यावरून करारनाम्याचे फोटो सोबत पाठवतेय. आमच्यावर विसंबून कुणाचं नुकसान होऊ नये, तर कुठे थांबायचं?*
— एक वाचक, रत्नागिरी

तुझ्या तिन्ही वाक्यांपैकी एकही आहे तसं टाकू नकोस. पहिलं महाराष्ट्रात लागू नाही, दुसरं कायदा सांगत नाही, करार सांगतो, आणि तिसऱ्यावर विसंबून एखादी मुलगी घराबाहेर पडेल. चुका मात्र तुम्ही मनाने केलेल्या नाहीत. हीच तीन वाक्यं मी निदान दहा फॉरवर्डमध्ये वाचली आहेत, आणि एकदा तर पक्षकाराने ती छापून, लॅमिनेट करून माझ्या टेबलावर ठेवली होती.

डिपॉझिटच्या आधी एक स्लाइड हवी, ती तुमच्याकडे नाहीच. तिच्यावर एवढंच लिहा: "करारनाम्याच्या पहिल्या पानावर मथळा काय आहे ते वाचा." रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठेही बघ, हल्ली राहायची जागा दिली जाते ती बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'वर. त्यात मालक असतो लायसेन्सर, तू लायसेन्सी, आणि भाड्याला म्हणतात फी. बोलताना आपण भाडं, भाडेकरू म्हणतो, पण कागदावर तू भाडेकरू नसतेस; ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी मिळालेली व्यक्ती असतेस. जुन्या पागडीच्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते तुला नाही. भाडेकरूंच्या हक्कांबद्दल नेटवर जे फिरतं, त्यातलं निम्मं या एका फरकामुळे तुम्हाला लागू पडत नाही.

त्याच स्लाइडवर दुसरी ओळ नोंदणीची. "अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही" हे तुला किमान तीन एजंट सांगतील. इतर राज्यांत त्यात तथ्य असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणारा जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, हे त्याला शांतपणे सांगितलं की बरेच जण तयार होतात. हल्ली घरबसल्या अंगठा आणि फोटो घेऊन नोंदणी होते, नि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या आसपास, त्यात डिपॉझिटवरच्या व्याजाचा थोडा हिशेब. खर्चाचं कारण सांगणाऱ्या मालकाला दुसरंच काही कारण असतं.

कोकणात ते दुसरं कारण बहुधा असं: घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारस चौघे. दोघे मुंबईला, एक बडोद्याला, आणि गावात राहणारा चुलता घर भाड्याने देतो. कागदावर सही चुलत्याची आणि डिपॉझिटही त्याच्याच हातात रोख. वर्षभराने गणपतीला बाकीचे तिघे येतात नि "तुम्हाला इथे ठेवलं कोणी?" असं विचारतात. (गणपतीचंच निघालं म्हणून: मालक चतुर्थीला माजघर आणि पडवी पाच दिवस वापरणार असेल, तर तेही करारात लिहून घ्या. हसू नकोस, त्यावरून भांडण माझ्या टेबलापर्यंत आलेलं आहे.) तेव्हा सही करणाऱ्याचं नाव घरपट्टीच्या पावतीवर आहे का ते बघायचं. नसेल तर ज्यांची नावं आहेत त्यांचं कुलमुखत्यारपत्र किंवा निदान सह्यांचं संमतिपत्र मागायचं, आणि डिपॉझिट बँकेतून, सही करणाऱ्याच्याच खात्यात भरायचं.

आता डिपॉझिट. दोन महिन्यांची मर्यादा आली कुठून, तर केंद्राच्या आदर्श भाडे अधिनियमातून. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला आणि राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचवली. पण तो राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणावर बंधनकारक होत नाही. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात अशी मर्यादा नाही. तुझ्या मैत्रिणीचं भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००, म्हणजे चार महिन्यांचं. ते जड आहे, बेकायदेशीर नाही. "कायद्याने जास्त घेता येत नाही" असं वाचून एखादी मालकाशी भांडायला गेली तर पहिल्याच वाक्यात खोटी पडेल, आणि मग तिचं खरंही कुणी ऐकणार नाही.

डिपॉझिट किती हा तुमचा मुख्य प्रश्नच नसावा. किती दिवसांत परत आणि त्यातून काय कापता येईल, हे विचारायला हवं. एजंटच्या छापील मसुद्यात "जागा सोडल्यावर डिपॉझिट परत करण्यात येईल" इतकंच असतं. सोडल्यावर म्हणजे कधी? दिवाळीला? स्लाइडवर हे कलम जसंच्या तसं द्या: "जागेचा ताबा व किल्ली दिल्यापासून १५ दिवसांत, थकीत फी, थकीत वीजबिल आणि नैसर्गिक झीज सोडून झालेलं नुकसान, एवढंच बिलासह वजा करून उरलेली रक्कम लायसेन्सीच्या खात्यात परत करावी." मालक १५ चे ३० दिवस करेल, करू दे. खरी किंमत 'नैसर्गिक झीज सोडून' आणि 'बिलासह' या शब्दांची आहे.

तुझ्या मैत्रिणीच्या करारात 'नैसर्गिक झीज वगळून' हे शब्द आहेत, फोटोत चौथ्या पानावर तळाशी. म्हणून रंगाचे ९,००० ही मालकाची सगळ्यात लंगडी बाजू आहे. सहा महिने राहिल्यावर जांभ्याच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले, तर ती झीज. खिळे ठोकून गिलावा पाडला असेल तर ते नुकसान. गळतीने पडलेले डाग तर मालकाच्याच छपराचे. त्याचा रंग हिच्या माथी मारता येत नाही.

हे दाखवायचं कसं, तर पहिल्या दिवशीच्या फोटोंनी. मी वकिली सुरू केली तेव्हा घेतलेल्या पहिल्या खोलीचे निम्मे पैसे असेच गेले. फरशीला तडा आधीचा होता, पण तेव्हा फोटो काढायला कुणाकडे काय होतं, आणि मीही पाहणी केली नव्हती. आता फोन आहे, तरी लोक फोटो काढतात ते खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचे. छताच्या चारही कोपऱ्यांचे, वळचणीखालच्या भिंतीचे, मोरीच्या उंबऱ्याचे आणि स्विचबोर्डाचे काढा, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या, म्हणजे तारीख आपोआप लागते. एक खाचखळगा सांगतो. घर फेब्रुवारीत बघितलं तर भिंत कोरडी ठणठणीत दिसणार. गेल्या पावसाची खूण शोधायची ती छताच्या फळ्यांवर: कडेला तपकिरी रेघ असलेले पिवळट नकाशे. आणि सगळं घर जुनाट असताना एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला, तर तिथे जूनमध्ये बादली ठेवावी लागेल असं समजायचं.

नोटिशीवर तुम्ही अर्धीच स्लाइड दिली आहे, तिला मात्र पूर्ण जागा द्या. "नोटीस एक महिन्याची असते" असा सरसकट नियम नाही. कराराविना चालणाऱ्या महिन्याच्या भाडेपट्ट्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये १५ दिवस आहेत, पण लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलंय तेच चालतं. तिथे वेगवेगळ्या तीन गोष्टी एका परिच्छेदात कोंबलेल्या असतात. मुदत म्हणजे करार संपायची तारीख. लॉक-इन म्हणजे ज्या काळात सोडता येत नाही किंवा सोडल्यास उरलेले पैसे द्यावे लागतात तो काळ. नोटीस म्हणजे त्यानंतर सोडायचं तर किती आधी सांगायचं. मुदत संपल्यावर "अजून आठ दिवस राहते" असं कधीही गृहीत धरू नका. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ मुदतीनंतर ताबा न देणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई वसूल करू देतं.

आता तुझ्या मैत्रिणीचा हिशेब मांडतो, कारण नोटिशीची स्लाइड कशी लिहायची ते त्यातूनच कळेल. करार १ फेब्रुवारी ते ३१ डिसेंबर. लॉक-इन सहा महिने, म्हणजे ३१ जुलैपर्यंत. पुढचं वाक्य असं आहे: "त्यानंतर उभयतांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकेल." तिने ८ जुलैला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, २० जुलैला सामान हलवलं, जुलैचं पूर्ण भाडं भरलेलं आहे. वीजबिल ६४० बाकी, त्याबद्दल वाद नाही.

मालक 'त्यानंतर' या शब्दावर बोट ठेवेल. नोटीस लॉक-इन संपल्यावरच देता येते, म्हणजे ती १ ऑगस्टपासून धरायची, म्हणजे ऑगस्टचं पूर्ण भाडं ७,५००. असं वाचलं तर तिला परत मिळायचे ३०,००० वजा ६४० वजा ७,५००, म्हणजे २१,८६०.

मैत्रीण म्हणेल की 'त्यानंतर' हा शब्द करार संपण्याला आहे, नोटीस पाठवण्याला नाही. नोटीस ८ जुलैला दिली, ७ ऑगस्टला महिना भरला, तोवर लॉक-इनही संपलेलं होतं. मग ऑगस्टचे सात दिवस, रोजचे सुमारे २४२ धरून १,६९४. परत मिळायचे २७,६६६. हे वाचन मला जास्त सरळ वाटतं. फक्त 'लेखी' या शब्दात व्हॉट्सअ‍ॅप बसतं की नाही यावर मालक अडून बसू शकतो. त्याने उत्तरात "ठीक आहे, कधी सोडताय?" असं काही लिहिलं असेल तर तो मेसेज जपून ठेवायला सांग. तुमच्या स्लाइडवर मात्र नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह द्या, असंच लिहा.

तिसरं वाचन असं: घर राहण्यालायक उरलं नव्हतं, म्हणून सोडणं ही तिची मर्जी नव्हती आणि नोटिशीचा प्रश्नच येत नाही. मग वजा फक्त ६४०, परत २९,३६०. याला थोडा कायद्याचा आधारही आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२, कलम ५७ प्रमाणे परवानगी देणाऱ्याला जागेतला असा दोष माहीत असेल, की ज्याने राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका आहे आणि जो राहणाऱ्याला माहीत नाही, तर त्याने तो सांगायला हवा. दरवर्षी गळतं हे मालकाला ठाऊक होतं, हे दाखवता आलं तर बाजू उभी राहते. पण त्याला पुरावा लागतो: शेजाऱ्यांचं सांगणं, मालकाचा "हो, दरवर्षी थोडं गळतं" असा मेसेज, भिजलेल्या गादीचा नि स्विचबोर्डाखाली साचलेल्या पाण्याचा तारखेसह फोटो. तिच्याकडे काय आहे ते मला माहीत नाही, आणि त्यावाचून मी २९,३६० सांगितले तर तो अंदाजपंचे होईल. मालकाने २५,००० च्या वर देऊ केले तर मी तिच्या जागी वाद मिटवला असता. हे माझं व्यवहाराचं मत झालं, कायद्याचं नव्हे.

एका शब्दामुळे सहा हजारांचा फरक पडतो हे बघ. म्हणून स्लाइडवर "नोटीस इतकी असते" हे वाक्यच नको. "सही करण्याआधी मालकाला विचारा: लॉक-इन चालू असताना नोटीस देता येईल का? उत्तर करारात लिहून घ्या." बस.

आता दुरुस्ती, तुमच्या मसुद्यातली सगळ्यात धोक्याची ओळ. भाड्यातून कापायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे, पण त्याला चार अटी लटकलेल्या आहेत. करारात वेगळं ठरलेलं नसावं. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस दिलेली असावी. वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. खर्चाचा हिशेब आणि पावत्या असाव्यात. आणि मुख्य म्हणजे ते कलम 'भाडेकरू'साठी आहे. लायसेन्सीने त्याच्या भरवशावर पैसे कापले तर मालक सरळ म्हणेल, फी थकवली, करार रद्द. मग गळती बाजूला राहते नि थकबाकीदार तू ठरतेस. त्यात भाट्याजवळचं ते घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर १९९९ चा कायदा तिथे लागू आहे का हेही आधी तपासायला लागेल. तो कायदा अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो, प्रत्येक वाडीला सरसकट नाही.

तेव्हा इथेही भिस्त करारावर. आदर्श अधिनियम आपल्याकडे लागू नसला तरी त्याच्या अनुसूचीतली कामांची वाटणी उचलून करारात घालायला कुणाची आडकाठी नाही. बांधकामाची दुरुस्ती, पाण्याच्या पाइपांची बदली, आतबाहेरचं वायरिंग आणि भिंतींचा रंग मालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच आणि सॉकेट, कडीकोयंडा, खिडकीची काच राहणाऱ्याकडे. ही यादी दोघांनाही पटण्यासारखी आहे, आणि "आम्ही लागू नसलेला कायदा सांगतोय" असंही होत नाही, कारण सही केली की तो तुमचा करार होतो.

पण ती यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिल्लीचे फ्लॅट असावेत. त्यात शाकारणी नाही. आपल्याकडे आगोटीच्या आधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, हे वर्षाचं ठरलेलं काम आहे. मालक मुंबईला असला की ते कुणाचंच राहत नाही, आणि वर माकडं उड्या मारून आणखी चार कौलं फोडून जातात. करारात एवढं घाला: "दरवर्षी २५ मेच्या आत छपराची शाकारणी व पन्हळींची सफाई लायसेन्सरने स्वखर्चाने करावी, माकडांमुळे अगर वाऱ्याने फुटलेली कौलंही त्यानेच बदलावीत." माकडांचा उल्लेख विनोदी वाटतो, पण तो नसेल तर "तुम्ही खळ्यात खरकटं टाकलं म्हणून माकडं आली" हे उत्तर ठरलेलं.

गळती सुरू झाल्यावरची मुदतही दोन टप्प्यांत लिहायला हवी. जुलैत कुणी गवंडी कौलांवर चढत नाही, आणि चढू नये. शेवाळलेल्या कौलांवरून पाय घसरतो नि एक बदलायला जाऊन पाच फुटतात. "तात्काळ दुरुस्ती" असं लिहिलं तर ते पाळलंच जात नाही. त्यापेक्षा: कळवल्यापासून दोन दिवसांत तात्पुरती सोय, म्हणजे ताडपत्री, किंवा फुटकं कौल आतूनच सरकवून नवं बसवणं, आणि पावसाने उघडीप दिल्यावर १५ दिवसांत पक्कं काम. तोवर एखादी खोली वापरता आली नाही तर त्या काळाची फी किती कमी होईल, तो आकडाही आधीच ठरवून टाका. तुझ्या मैत्रिणीच्या करारात दुरुस्तीवर एकच ओळ आहे, "किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने करावी", आणि किरकोळ म्हणजे काय ते कुठेच नाही. रुपयांत लिहा: एका वेळी ५०० च्या आतली किरकोळ, त्यावरची मालकाची.

पाणी स्विचबोर्डावर ओघळत असेल तर मात्र नोटीस, करार, कलम काही बघायचं नाही. मेन स्विच बंद करायचा, वायरमन बोलवायचा, पैसे नंतर भांडून घ्यायचे. ही ओळ स्लाइडवर मोठ्या अक्षरांत चालेल.

थांबायचं कुठे, या प्रश्नाला तुमची शेवटची स्लाइड द्या, आणि ती बारीक टाइपात दडवू नका. तीत स्पष्ट लिहा की ही माहिती महाराष्ट्रातल्या राहत्या घराच्या, नव्याने होणाऱ्या लिव्ह अँड लायसन्स कराराची आहे, अमुक महिन्यात तपासलेली आहे. जुने पागडीचे भाडेकरू, दुकानगाळे, बागायतीची जमीन, कंपनीने दिलेलं घर, यांना ती लागू नाही. कोर्टाचा किंवा वकिलाचा कागद आला असेल, मालकांचं आपसात वारसाहक्काचं भांडण असेल, कुणी पाणी-वीज तोडली असेल किंवा कुलूप लावलं असेल, तर स्लाइड वाचत बसू नये. अशा वेळी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण, आणि देशभरासाठी १५१०० हा फोन. तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक होतं?

आणखी दोन गोष्टी तुम्ही स्वतः पाळायच्या. मेसेजमध्ये कुणी करारनाम्याचा फोटो पाठवून "माझं काय होईल?" विचारलं, तर उत्तर देऊ नका, "यात कोणता शब्द कुठे आहे ते अमुक स्लाइडवर बघा, बाकी वकिलाला दाखवा" इतकंच. आणि मैत्रिणीच्या मालकाचं नाव, घराचा फोटो टाकू नका. हिशेबाचा वाद बदनामीच्या केसपर्यंत न्यायला एक पोस्ट पुरते. माझंही तेच: मी फोटोतली सहा पानं वाचली, मालकाची बाजू ऐकलेली नाही, आणि मी तिचा वकील नाही. वरचे तीन आकडे तिने वकिलाकडे नेण्यासाठी आहेत, मालकाच्या तोंडावर फेकण्यासाठी नाहीत.

एक गोष्ट पत्रात कुठेच दिसली नाही: किल्ली. तिने २० जुलैला सामान हलवलं, पण किल्ली कुणाला दिली का? ती अजून तिच्या पर्समध्ये असेल, तर मालक म्हणेल की ताबा मला मिळालेलाच नाही, आणि मी मांडलेल्या तिन्ही हिशेबांत रोज आणखी २४२ रुपये चढायला लागतील. मालक मुंबईला असेल तर ज्याने करारावर सही केली त्याच्या सांगण्यावरून, इथल्या ज्या माणसाकडे द्यायची त्याला देऊन, तारीख घातलेली दोन ओळींची पोच घ्यायला सांग, आणि रिकाम्या खोल्यांचे व मीटरवरच्या आकड्याचे फोटो काढून मगच दार ओढायला सांग.